वडिलांच्या आवाजाची वही: रेकॉर्डिंगचा सारांश लिहिताना काय ठेवायचं ते कसं ठरवावं

ज्यांचे वडील गेले आहेत आणि मागे फोनमध्ये त्यांचे आवाजी निरोप राहिले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. बाबा कापूस आणि तूर करायचे. लिहायला ते कंटाळायचे, पण व्हॉट्सॲपवरचं माइकचं बटण त्यांना फार आवडलं होतं. मी नागपूरला नोकरीला लागल्यापासून भाव, पाऊस, बैल, भांडण, सगळं ते बोलूनच पाठवायचे. तेरवीनंतर आई म्हणाली, "मले ते सारं ऐकणं होत नाई. रडू येते. तू त्यातलं कामाचं काढून लिहून दे, दादा वाचून दाखवीन." त्या एका वाक्यावर हे काम उभं राहिलं. खाली आहेत त्या पायऱ्या ते पूर्ण करताना हाताशी आलेल्या.

एक गोष्ट आधीच ठरवा: सारांश कोणासाठी आहे? माझा आईसाठी होता, तिला ऐकवण्यासाठी, आणि दादासाठी, कारण वावर आता तो पाहतो. नातवंडांसाठी करायचा असेल तर निवड वेगळी होईल. वाचणारा डोळ्यासमोर नसला की सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि मग वही अर्ध्यावर राहते.

काय काय लागेल

- वडिलांचा फोन, त्याचा चार्जर, स्क्रीनचा पासवर्ड आणि चालू असलेलं सिम
- तुमचा स्वतःचा फोन (तुम्हाला आलेले निरोप त्यातही असतात)
- लॅपटॉप आणि त्यावर व्हीएलसी प्लेअर
- कानावर बसणारा, वायरचा हेडफोन
- दोन पेन ड्राइव्ह, किंवा एक पेन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क
- जाड रजिस्टर
- शेताचा सातबारा आणि त्या वर्षांची पंचांगं किंवा दिनदर्शिका
- गावातलं एक जुनं माणूस, ज्याला बाबांचे सोबती, बैल, वावरांची नावं माहीत आहेत

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त कामी येते.

1. आधी फायली वाचवा, ऐकणं नंतर

घरात दुःख असताना फोनचं रिचार्ज कोणाच्या ध्यानात राहत नाही. सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो. व्हॉट्सॲपचं खातंही साधारण 120 दिवस वापर नसला की काढून टाकलं जातं. म्हणून लहानसं रिचार्ज मारून ठेवा आणि फोन अधूनमधून इंटरनेटला जोडा. कोणी "हा फोन पोराले देऊन टाकू, फॉरमॅट करून" म्हणालं तर थांबवा. हे घरोघरी होतं आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो.

अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला की आवाजी निरोप बहुतेक फोनमध्ये इथे सापडतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

आत आठवड्यांप्रमाणे फोल्डर असतात आणि त्यात अशा नावाच्या फायली:

```
PTT-20231212-WA0004.opus
```

मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचा आकडा त्या दिवसातला क्रम. संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा दोन ठिकाणी उतरवा. फायलींची नावं बदलू नका, कारण तारीख त्या नावातच आहे. फोनवरचं साधं रेकॉर्डर ॲप आणि कॉल रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरात असतं, तेही शोधा. आमच्या बाबांनी बी-बियाण्याच्या दुकानदाराशी झालेलं बोलणं असं धरून ठेवलं होतं.

यानंतरची गोष्ट बहुतेक लोक विसरतात. फक्त आवाजाच्या फायली घेतल्या तर अर्धं संभाषण हातात येतं. बाबा म्हणतात, "हो, तसंच करू, पण पोया झाल्यावर." कसं करू? ते तर मी टाइप केलेल्या प्रश्नात होतं. म्हणून त्या त्या माणसाशी झालेलं चॅट उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' करा. त्यातून एक मजकुराची फाइल मिळते, तिच्यात प्रत्येक निरोपाची वेळ आणि आजूबाजूचा लेखी मजकूर असतो. चॅट फार मोठं असेल तर मीडियासकट एक्स्पोर्टमध्ये फक्त अलीकडचं येतं. अशा वेळी मीडियाशिवाय दुसऱ्यांदा एक्स्पोर्ट करा, म्हणजे मजकूर बराच मागचा मिळतो.

मूळ फायलींवर कुठलाच प्रयोग करायचा नाही. वाऱ्याचा आवाज कमी करायचा असेल, तुकडा कापायचा असेल, तर प्रत काढून तिच्यावर करा. वारा घालवताना खोकला, थांबणं, मागून आलेली आईची हाकही निघून जाते.

2. वही आखून घ्या

डाव्या पानावर पाच रकाने: फाइलचं नाव, किती मिनिटांची, कोणाला उद्देशून, त्या वेळी शेतात काय चालू होतं, आणि खूण. उजवं पान मोकळं. तिथे सारांश.

"शेतात काय चालू होतं" हा रकाना मुद्दाम ठेवा. कास्तकार माणूस तारखेत बोलत नाही. "मिरगात टोबलं होतं", "उलंगवाडी झाल्यावर देतो", "पोयाच्या आंदी" असं बोलतो. मृग साधारण 7-8 जूनला लागतं हे पंचांगात मिळेल. उलंगवाडी, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा होऊन वावर मोकळं होणं, दरवर्षी पुढेमागे होते. तिथे फाइलच्या नावातली तारीखच कामी येते. दोन्ही लिहा: बाबांचा शब्द आधी, तारीख कंसात.

पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नका, फक्त खूण करा. माझ्या खुणा तीन होत्या. ज्यावर अजून काही करायचं बाकी आहे (देणं, घेणं, कागदपत्र, बियाणं) त्याला गोल. ज्यातली माहिती दुसरीकडे कुठे नाही त्याला चौकोन. आणि ज्यात विशेष काही सांगितलेलं नाही, पण बाबा आहेत, त्याला फक्त रेघ.

कुठून सुरुवात करायची? शेवटच्या महिन्यांपासून नको. त्या निरोपांत आवाज बसलेला असतो, आणि तुम्ही तिथेच अडकून पडता. मी मधल्या एका बऱ्या वर्षापासून सुरुवात केली. पाऊस चांगला झालेलं वर्ष होतं आणि बाबा मोठ्या आवाजात बोलत होते. शेवटचं शेवटी ऐकलं. तोवर खुणा करायची सवय हाताला लागली होती आणि ऐकणं जमलं.

3. "जेवली काय?" असलेल्या निरोपांचं काय करायचं

रेघ मारलेले निरोप सगळ्यात जास्त निघतात. "पोचली काय?", "जेवली काय?", "पाणी आलं इकडं", "ठेवतो". प्रत्येकाचा सारांश लिहायला बसाल तर पानभर तेच ते होईल. सगळे सोडून द्याल तर वहीत फक्त हिशोब उरेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस पैशाशिवाय बोलतच नव्हता.

यांचा एकेकाचा सारांश करायचा नाही, सगळ्यांचा मिळून करायचा. त्यांची वेळ पाहा, लांबी पाहा, कधी बंद पडले ते पाहा. मी हे असं लिहिलं: "बाबांचा निरोप बहुधा रात्री आठच्या पुढे यायचा, गुरांचं चारापाणी झाल्यावर. वेचणीच्या दिवसांत तो लहान व्हायचा, दोन-तीन शब्दांचा. पाऊस लांबला की लांब व्हायचा. ज्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचा." चार वाक्यं झाली. पण आईने ती ऐकली आणि म्हणाली की पाऊस लांबला की ते झोपतच नसत, ओसरीवर बसून बोलत राहायचे. हे मला माहीत नव्हतं. तिचं वाक्य तिच्या नावाने तिथेच लिहून घेतलं.

या ढिगातून दोन-तीन फायली नावासकट वहीत नोंदवा, म्हणजे कोणाला ऐकाव्याशा वाटल्या तर सापडतील. बाकीच्या पेन ड्राइव्हवर आहेतच. सारांशातून वगळणं आणि फाइल पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करायचीच नाही.

4. एक निरोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. डिसेंबर 2023 मधला निरोप, एका मिनिटाच्या आसपासचा. आधी तो जसाच्या तसा उतरवला. एका मिनिटाचं बोलणं उतरवायला पाच-सहा मिनिटं सहज लागतात, आणि मागून बैलगाडी वाजत असेल तर त्याहून जास्त. व्हीएलसीमध्ये वेग थोडा कमी करून ऐका. फार कमी केला तर वऱ्हाडी बोलण्याची लय मोडते आणि शब्द उलट कमी कळतात.

"हां बाई, मी बोलून रायलो. कापूस इकला आज. सहा हजार नऊशे भेटले. थो म्हणे, ओला हाये. म्या म्हटलं, सरकी दाताखाली धरून पाय, कट्टदिशी वाजली त वायला, नाई वाजली त ओला. त्यानं धरली, वाजली. मंग चूप झाला. (खोकतात) दादा म्हणे थांबा आठ दिवस, दोन-तीन उनं दाखवा, मंग न्या. म्या आयकत नोतो. पण त्याचंच बरोबर निंगलं. त्याले सांगजो नोको, फुगते. (हसतात) राजा लंगडून रायला डाव्या पायानं. आता नाल कायले ठोकू, म्हातारा झाला थो. वावरात नेत नाई त्याले, धुऱ्यावर चारतो. आन् हां, वरच्या वावरवाल्याचे पंधराशे देणं हाये, डवऱ्याच्या वक्ती घेतले होते. तुया मायले नोको सांगू. संकरातीच्या आंदी देऊन टाकतो. जेवली काय? ठेवतो."

पहिला सारांश मनात लगेच तयार होतो: "डिसेंबर 2023. कापूस 6,900 रुपये क्विंटलने विकला. बैल आजारी. शेजाऱ्याचे 1,500 रुपये देणं." चूक काहीच नाही. पण यातलं कामाचं बहुतेक सगळं गळलेलं आहे. एकेक भाग पाहू.

भाव. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 रुपये होता आणि मध्यम धाग्याचा 6,620. या आकड्यांशेजारी ठेवला तर बाबांना मिळालेला भाव नीट कळतो, म्हणून तो ठेवला. नुसते "6,900" दहा वर्षांनी कोणाला काही सांगणार नाहीत.

ओलीचा वाद. दादाच्या कामाचा भाग खरा हाच. सरकारी खरेदीत साधारण 8 टक्के ओलावा धरतात, त्याच्या वर 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, आणि त्यापुढे कापूस परत करतात. खाजगी व्यापारी यंत्राचा आकडा दाखवतो किंवा नुसता हाताने दाबून "ओला" म्हणतो. अशा वेळी सरकी दाताखाली फोडून पाहायची, ती कट्ट वाजली की कापूस वाळलेला. ही परीक्षा बाबांच्या तोंडून याच एका निरोपात आलेली आहे. तिला चौकोन. सारांशात ती त्यांच्याच शब्दांत ठेवली, कारण माझ्या शब्दांत सांगितली तर दादा ती पुस्तकातली समजेल.

दादाबद्दलचं वाक्य. यावर मी बराच विचार केला, तो पुढच्या पायरीत सांगते.

बैल. वरवर पाहता ही फक्त माया. पण "वावरात नेत नाही, धुऱ्यावर चारतो" हा निर्णय आहे. आमच्या घरी म्हातारा बैल बाजारात गेला नाही तो त्यामुळे. एक वाक्य ठेवलं.

पंधराशेचं देणं. गोल खूण. सारांश लिहिण्याआधीच हे तपासायला हवं होतं. मी वरच्या वावरवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "तुया बावानं संकरातीच्या दोन दिवस आंदीच आणून देल्ले होते, मी नाई म्हणत होतो तरी." म्हणजे देणं फिटलं होतं. आता हे आईच्या वहीत हवं का? बाबा स्पष्ट म्हणाले होते, तिला सांगू नको. देणं शिल्लक असतं तर सांगावंच लागलं असतं, कारण ते घराने फेडायचं असतं. फिटलेल्या देण्याबाबत त्यांचा शब्द मोडायचं काही कारण नव्हतं. आईला वाचून दाखवायच्या वहीत ते नाही. पूर्ण उतरवलेल्या मजकुरात आहे, शेजारी "फिटलं, काकांकडून खात्री" असं लिहिलेलं.

शेवटी सारांश असा झाला:

"12 डिसेंबर 2023. मला. वेचणी चालू. कापूस 6,900 ने विकला (त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्याला 7,020). व्यापारी ओला म्हणाला. बाबा: 'सरकी दाताखाली धरून पाय, कट्टदिशी वाजली त वायला.' दादाच्या सांगण्यावरून आठ दिवस थांबून, ऊन दाखवून नेला होता. बाबा म्हणाले, 'त्याचंच बरोबर निंगलं' (जोडी: जुलैचा निरोप पाहा). राजा डाव्या पायाने लंगडतो, त्याला वावरात न नेता धुऱ्यावर चारायचं ठरवलं."

मूळ बोलण्याहून बराच लहान झाला. त्यात बाबांची दोन वाक्यं त्यांच्याच बोलीत आहेत. माझ्या अंदाजाने एका निरोपाला एक किंवा दोन वाक्यं अशी पुरतात. जास्त ठेवली तर तो सारांश राहत नाही. एकही ठेवलं नाही तर तो कोणाच्याही वडिलांचा होऊ शकतो.

5. जोडीतला एकच निरोप ठेवू नका

आता दादाचं. त्याच वर्षीच्या जुलैत बाबांनी मला रागाने एक निरोप पाठवला होता. दादा बैलजोडी विकून ट्रॅक्टरने भाड्याने काम करून घेऊ म्हणत होता. बाबा म्हणाले होते, "याले वावरातलं काईच समजत नाई, मोबाइल पाहून शेती करते हा." डिसेंबरात तेच बाबा म्हणतात, त्याचंच बरोबर निघालं.

दोनपैकी कोणता ठेवायचा? बहीण म्हणून डिसेंबरचाच ठेवावासा वाटतो. पण मग दादाला वाचताना वाटेल की बाबांचा राग मी झाकला, आणि त्याला तो राग माहीत आहे, तो त्याच्या तोंडावरही झालेला आहे. नुसता जुलैचा ठेवला तर ते आयुष्यभराचं शल्य. मी दोन्ही ठेवले, एकमेकांच्या फाइलचं नाव समासात लिहून, आणि जुलैच्या नोंदीत बाबांचं सगळ्यात टोकाचं एक वाक्य गाळलं. ते गाळल्याने अर्थ बदलत नव्हता, फक्त धार कमी होत होती. फाइल दादाकडे आहे. त्याला हवं तेव्हा तो ऐकेल.

तुमच्याकडेही अशा जोड्या असतील: आधी नकार, नंतर होकार, आधी भांडण, नंतर मदत. सापडतात कशा? प्रत्येक घरच्या माणसाच्या नावाने वहीच्या शेवटी एक पान ठेवा आणि ज्या निरोपात त्याचा उल्लेख आहे त्याची तारीख तिथे लिहीत जा. वही संपली की ते पान सलग वाचा. तिथे एकाच बाजूचे निरोप दिसले तर पुन्हा ऐकायला बसा. दुसऱ्या बाजूचे तुमच्या खुणांमधून निसटलेले असण्याचा संभव जास्त.

आणि "त्याले सांगजो नोको, फुगते" याचं? हे मी दादाला सांगितलं. हसत म्हटलेलं गुपित आणि जपून ठेवलेलं गुपित यांतला फरक आवाजात ऐकू येतो. पंधराशेबद्दल बोलताना बाबा हसले नव्हते.

6. जमिनीविषयी बोललेलं असेल तर सारांश करू नका

बहुतेक घरांत एखादा निरोप असा निघतो: "नाल्याकडली दोन एकर अमक्याले." आमच्याकडे तो माझ्याबद्दल होता, आणि म्हणूनच मी त्याचा सारांश लिहिला नाही. ज्यात तुमचा स्वतःचा फायदा किंवा तोटा आहे, त्याला तुमच्या शब्दांत मांडणारं माणूस तुम्ही असू नये. तो निरोप शब्दशः उतरवा, कितव्या मिनिटाला काय म्हटलं ते लिहा, आणि दुसऱ्या कोणाला ऐकवून खाली सही घ्या की लिहिलंय तसंच ऐकू येतं. आमच्याकडे आईने आणि आत्याने ऐकलं.

शब्द जपून वापरा. "बाबांनी दोन एकर दिली" लिहू नका. "बाबा म्हणाले" लिहा. मृत्युपत्र लेखी लागतं, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. फोनवरच्या बोलण्याने सातबारा बदलत नाही. तलाठ्याकडे वारस नोंद होते ती सगळ्या कायदेशीर वारसांची, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मुलींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई बऱ्याच घरांत तेरवीच्या आसपासच होते. रेकॉर्डिंगचं काम संपेपर्यंत आणि वकिलाला दाखवेपर्यंत अशा कागदावर सही करू नका, आणि रेकॉर्डिंग दाखवून कोणाकडून सही घेऊही नका.

पुढे वाद होऊन रेकॉर्डिंग कोर्टात न्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा मूळ फाइल आणि मूळ फोन दोन्ही महत्त्वाचे ठरतात. पहिल्या पायरीत फोन फॉरमॅट करू नका म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

गट नंबर मात्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. बाबा वावरांना नावाने ओळखायचे: नाल्याकडलं, बाभळीचं, भरकाडीचं. कोणतं वावर कोणत्या गटात हे काकांना विचारून वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलं. पुढच्या पिढीला ही नावं कळणार नाहीत.

7. न कळलेले शब्द

ऐकू आलं पण कळलं नाही, तिथे अंदाजाने शब्द भरू नका. रिकामी जागा ठेवा आणि मिनिट-सेकंद लिहा. मग ते सगळे तुकडे एकत्र करून गावात एकाच बैठकीत विचारा. नुसता सुटा शब्द ऐकवू नका, मागचं-पुढचं वाक्य धरून ऐकवा. वाऱ्यात गेलेला शब्द बाबांच्या सोबत्यांना सहज सापडतो, कारण कोणत्या कामाच्या वेळी कोणता शब्द येणार हे त्यांना आधीच माहीत असतं. पण ऐकवायला नेण्याआधी त्या तुकड्यात कोणाच्या देण्या-घेण्याचा, आजाराचा किंवा लग्नाचा विषय नाही ना, हे पाहून घ्या. पारावर ऐकवलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

तरीही न कळलेलं काही उरेलच. ते प्रश्नचिन्हासकट वहीत राहू द्या.

8. वाचून दाखवा, मग पक्कं करा

कच्ची वही आईला दादाने वाचून दाखवली. मी बाजूला बसून फक्त लिहून घेत होते. आईने तीन प्रकारच्या दुरुस्त्या केल्या. काही तारखा बदलल्या, कारण तिला कोणता बैल कोणत्या पोळ्याला होता हे पक्कं माहीत होतं. एका नातेवाइकाच्या दारूबद्दल बाबा बोलले होते, ते तिने काढायला लावलं: "त्याची पोरगी लग्नाची हाये, वही कोणाच्या हाती पडीन." ते काढलं. आणि पहिल्या वेच्याच्या वेळच्या पूजेबद्दल मी एका ओळीत आटोपलं होतं, तिथे तिने थांबवून बाबा दहीभात वावरात कसा शिंपडत, कोणत्या तासापासून सुरुवात करत, ते सगळं सांगितलं. त्या निरोपात बाबा फक्त "झालं सारं" एवढंच म्हणाले होते. आईचं बोलणं वेगळ्या शाईने लिहिलं, म्हणजे कोणाचं काय ते राहील.

वाचन थोडं थोडं करा, एका बसण्यात सगळं नको. ऐकणाऱ्याने "पुरे" म्हटलं की त्याच ओळीपाशी तारीख टाकून थांबा.

मग पक्की वही लिहा, तिची झेरॉक्स काढा, आणि पहिल्या पानावर काय वगळलं ते स्पष्ट लिहा. आमच्या वहीचं पहिलं पान असं आहे, तुम्हाला हवं तर आपल्या घराप्रमाणे बदलून घ्या:

"ही वही बाबांच्या आवाजी निरोपांवरून मुलीने लिहिली, आईने ऐकून दुरुस्त केली. अवतरण चिन्हातलं बाबांचं, हिरव्या शाईतलं आईचं, बाकी माझं. रोजच्या विचारपुशीचे निरोप एकत्र करून लिहिले आहेत. एक कौटुंबिक गोष्ट आईच्या सांगण्यावरून, एक बाबांच्या सांगण्यावरून आणि रागातलं एक वाक्य माझ्या निर्णयाने वगळलं आहे. जमिनीबद्दलचा निरोप शेवटी शब्दशः आहे. जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे बोलणं कळलं नाही. सगळ्या मूळ फायली दोन पेन ड्राइव्हवर आहेत: एक दादाकडे लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या फाइलसोबत, दुसरा माझ्याकडे नागपूरला. दरवर्षी पोळ्याला दोन्ही लॅपटॉपला लावून उघडतात का ते पाहायचं, आणि पेन ड्राइव्ह जुना झाला की नव्यावर उतरवून घ्यायचं."